घनमूळ की धनमूळ?

नमस्कार श्रोतेहो. आठवीच्या गणितात ‘घातांक व घनमूळ’ असा धडा आहे. मी पुस्तक डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली ठेवलं, अख्खं पान प्रोजेक्टरने भिंतीवर उमटलं आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाचायला सांगितलं. तिने वाचलं, “धनमूळ.” मला वाटलं, तिचं लक्ष नाही. मग मी स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. तिथून घ आणि ध यांत काहीच फरक दिसत नव्हता. अनुस्वार तर कुठेच नव्हते.

आधी पाहायचं होतं की दोष कुठला. त्याची सोपी खूण आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षर स्वच्छ आणि भिंतीवर पुसट असेल, तर प्रोजेक्टरच्या भिंगाची कडी फिरवावी लागते. लॅपटॉपवरच पुसट असेल, तर कॅमेऱ्याकडे बघायचं. माझ्याकडे दोन्हीकडे कडा ठीक होत्या, तरी अक्षर वाचता येत नव्हतं, कारण मी पूर्ण पान दाखवत होते.

शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरवर चित्र उभं 768 ठिपक्यांचं असतं. साधारण 27 सेंटिमीटर उंचीचं पान त्यात बसवलं, की एका सेंटिमीटरला जेमतेम 28 ठिपके येतात. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला मग आठच ठिपके मिळतात. तेवढ्यात ध ची गाठ आणि घ ची वरची रेघ कशी उमटणार? म्हणून पानाचा बारा सेंटिमीटर रुंदीचाच तुकडा चौकटीत घ्या. आडवे 1024 ठिपके बारा सेंटिमीटरवर पसरले, की त्याच अक्षराला पंचवीसेक ठिपके मिळतात. हे करताना सॉफ्टवेअरमधलं झूम वाढवू नका, त्याने बहुतेक वेळा तेच ठिपके नुसते मोठे होतात. कॅमेऱ्याची मानच खाली आणा. फार जवळ आणली तर कॅमेऱ्याला फोकस धरता येत नाही, तेव्हा अक्षर मऊ पडायला लागलं की थोडं वर घ्या.

आता फोकस. पुस्तक उघडलं की शिवणीजवळ पान फुगतं. कॅमेरा त्या फुगवट्यावर फोकस धरतो आणि कडेच्या ओळी विरघळतात. पहिल्या धड्यांच्या वेळी डावी बाजू पातळ, उजवी जाड असते. पातळ बाजूखाली एक वही सरकवा, म्हणजे दोन्ही पानं एका पातळीत येतात. काच मात्र ठेवू नका, ती चमकते. दुसरी अडचण आपल्या हाताची. ओळ दाखवायला बोट पुढे केलं की कॅमेरा बोटावर फोकस करतो, हात काढला की पुन्हा कागदावर, आणि दर वेळी मुलांसमोर अक्षर डचमळतं. छापील मजकुरावर एकदा फोकस होऊ द्या आणि मग ऑटोफोकस बंद करा. बोटाऐवजी पेन्सिल कागदाला टेकवून न्या.

प्रकाशाचं थोडं विस्ताराने सांगते, कारण वर्ग इथेच अडतो. पानाला उजेड हवा आणि भिंतीला अंधार. सगळ्या ट्यूब लावल्या की भिंत फिकट, सगळ्या बंद केल्या की कॅमेऱ्याचं चित्र दाणेदार. मी भिंतीजवळची ट्यूब बंद ठेवते, मागच्या चालू ठेवते आणि पुस्तकाच्या बाजूला एक टेबललॅम्प. तो पानाच्या वर नव्हे, बाजूने तिरका. क्रमिक पुस्तकाचा आतला कागद फारसा चमकत नाही, पण प्लास्टिकचं कव्हर किंवा नकाशासंग्रहाचं गुळगुळीत पान असलं की मधोमध पांढरा डाग पडतो आणि तिथली अक्षरं गायब होतात. कॅमेऱ्याच्या मानेवरचा छोटा दिवासुद्धा हे करतो, अशा पानाला तो बंदच ठेवा. डाग कुठून येतोय हे कळायला पानावर छोटा आरसा ठेवा. आरशात ज्या दिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला दिसतं, तोच दोषी. त्याला बाजूला सरकवा किंवा पुस्तक थोडं फिरवा.

पडद्यावर काळसर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त उजळते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर कमी करण्याचा पर्याय असतो, तिथे 60 असेल तर 50 करा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच पानावरची फक्त एक व्याख्या आणि एक उदाहरण घेतलं. डाव्या बाजूखाली वही, ऑटोफोकस बंद, लॅम्प उजवीकडून. तास सुरू व्हायच्या आधी शेवटच्या बाकावर बसून घ-ध, भ-म आणि अनुस्वाराचा टिंब तपासला. मग त्या मुलीलाच उभं केलं. तिने न अडखळता वाचलं, “घनमूळ.” आणि लगेच विचारलं, “बाई, मग काल काय लिहिलं होतं?”