धूर आधी पोचतो की माणूस?

जळगावातल्या एका कल्पित मॉलचं गणित मांडू. तळमजला आणि वर दोन मजले, मधोमध 500 चौरस मीटरचा मोकळा चौक, त्यावर 14 मीटर उंचीवर काचेचं छत. सगळ्यात वरची गॅलरी 9 मीटरवर. म्हणजे तिथल्या माणसाचं डोकं स्वच्छ हवेत राहायचं, तर धुराचा थर 11 मीटरच्या खाली उतरता कामा नये.

आता तळाशी कपड्यांच्या स्टॉलला आग लागली. दीडशे सेकंदांत एक मेगावॅटवर जाणारी, झपाट्याने वाढणारी आग धरली, तर धूर भरण्याच्या नेहमीच्या सूत्राने थर 11 मीटरवर यायला सुमारे 120 सेकंद लागतात. दोनच मिनिटं.

माणसांचं काय? गॅलरीत 300 जण आणि दीड मीटर रुंदीचे दोन जिने. कडेचे पंधरा-पंधरा सेंटीमीटर कोणी वापरत नाही, म्हणून कामाची रुंदी 1.2 मीटर. दर मीटरला सेकंदाला एक माणूस धरला, तर सगळे जिन्यात शिरायला 125 सेकंद. त्याआधी आग कळायला 45 आणि ‘खरंच आग आहे का?’ म्हणत रेंगाळण्यात 90 सेकंद. हे 90 सेकंद मी उदारपणे कमी धरलेत. लोक बिल द्यायलाही थांबतात. एकूण 260 सेकंद. धूर दुपटीहून जास्त वेगाने जिंकला.

त्यात आपला मे महिना. काचेखालची हवा तळापेक्षा 20 अंशांनी तापलेली असेल, तर 50 किलोवॅटच्या लहान आगीचा धूर साधारण 12 मीटरपर्यंत चढतो आणि तिथेच पसरतो. छताचा डिटेक्टर वर कोरडाच, आणि धूर नेमका गॅलरीतल्या माणसांच्या डोक्यावर. धुमसत राहणाऱ्या आगीत तर हा उशीर आणखी लांबतो. म्हणून बीम डिटेक्टर, म्हणजे प्रकाशाची रेघ धुराने अडली की इशारा देणारे, फक्त छतालगत लावून भागत नाही. मधल्या उंचीवरही एक रांग हवी.

‘मोठे पंखे बसवू’ असं लगेच सुचतं. स्प्रिंकलरने आग अडीच मेगावॅटवर रोखली असं मानलं, तरी थर 11 मीटरवर धरून ठेवायला सेकंदाला जवळपास 50 घनमीटर धूर ओढावा लागतो. जवळपास तेवढीच हवा खालून आत यायला हवी, आणि तीही सेकंदाला एक मीटरहून सावकाश, नाहीतर झोताने धुराचा खांबच वाकतो. म्हणजे सुमारे 45 चौरस मीटर उघडी दारं. उन्हाच्या झळा नकोत म्हणून बंद ठेवलेली दारं या हिशेबात धरायची नाहीत, आणि आराखड्यात नेमकी तीच धरलेली असतात.

त्यापेक्षा मी वरची गॅलरी चौकापासून आगरोधक काचेने तोडायला सांगेन. मग उरते साडेचार मीटरवरची खालची गॅलरी, आणि सांभाळायची उंची 11 वरून 6.5 मीटरवर येते. त्याच सूत्राने 170 सेकंद मिळतात, पण खालच्या गॅलरीलाही तेवढ्याच माणसांसाठी 260 लागतात. पंखे तरीही लागतीलच, फक्त साधारण निम्म्या क्षमतेचे.