तापलेला कातळ वादळाला का पुरत नाही?

(श्रीवर्धन येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, 3 जून 2020 ची दुपार मी इथे वर्णन करून सांगायची गरज नाही. ताशी 110 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्याने निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढलं आणि उभ्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चक्रीवादळ म्हणण्याइतका वाराही त्यात उरला नव्हता. एका दिवसात ती ताकद गेली कुठे?

मागे एका बागायतदार काकांनी मला फार नेमका प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "वादळाला गरम पाणी लागतं म्हणता. पण जूनच्या तोंडावर आमच्या सड्यावरचा कातळ समुद्रापेक्षा जास्त तापलेला असतो, अनवाणी पाय ठेववत नाही. मग जमिनीवर आल्यावर वादळ आणखी भडकायला नको का?" आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी समुद्राकडे बघू. वादळ तयार व्हायला पाण्याचं तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. मे अखेरीला आपला अरबी समुद्र तीस अंशांच्या आसपास असतो. वारा त्यावरून जाताना वाफ उचलतो. बाष्पीभवनात समुद्राची जी उष्णता खर्च होते, ती वाफेत दडून वर जाते आणि उंचावर वाफेचे थेंब झाले की तिथल्या हवेत मोकळी होते. ही उष्णता किती असते, ते चुलीच्या हिशोबाने सांगतो. एक लिटर पाणी होईल इतकी वाफ थिजली, तर तिच्यातून सुटलेल्या उष्णतेवर तीस अंशांचं आठ लिटर पाणी उकळीला येईल. अख्ख्या वादळात असं किती पाणी पडतं, याचा तुम्हीच विचार करा.

वरची हवा तापली की हलकी होते आणि खाली समुद्रावरचा दाब उतरतो. दाब उतरला की चारी बाजूंनी हवा आत धावते. पृथ्वी फिरते आहे, म्हणून ती सरळ आत न जाता केंद्राभोवती वळते; आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. वारा जितका जोराचा, तितकी जास्त वाफ, आणि जितकी जास्त वाफ, तितका दाब आणखी कमी. (पावसाळा पक्का बसला की मात्र उंचावरचे आणि खालचे वारे वेगवेगळ्या दिशांनी इतक्या जोराने वाहतात की हा मनोरा उभाच राहत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असूनही इथे चक्रीवादळ सहसा होत नाही.)

आता काकांचा कातळ. तो पोळतो खरा, पण दिवसभराच्या उन्हाची धग त्यात जेमतेम वीतभर खोल जाते. वादळाच्या आधी ढग येतात आणि ऊन जातं. मग पाऊस कोसळतो आणि ती वीतभर धग लगेच निघून जाते. खालची उष्णता दगडातून इतकी सावकाश वर येते की वादळाला तेवढा वेळच नसतो. समुद्रात मात्र वारा पाणी घुसळतो आणि खालचं कोमट पाणी वर येत राहतं. (कोमट थर पातळ असला तर याच घुसळणीने थंड पाणी वर येतं आणि वादळ भर समुद्रातही मंदावतं.) शिवाय कोरड्या कातळात उष्णता असली तरी उचलायला पाणी कुठे आहे? वादळाचं इंधन वाफ आहे, नुसती धग नव्हे.

वाफ तुटली की वरची हवा तापणं कमी होतं. त्याच वेळी झाडं, घरं, डोंगर यांना घासून जमिनीलगतचा वारा मंदावतो. मंद झालेली हवा केंद्राभोवती फिरत न राहता आत शिरते, आणि तिला वर खेचून बाहेर टाकण्याची ताकद आता उरलेली नसते. कमी दाबाचा खड्डा भरत जातो.

"सह्याद्रीने वादळ अडवलं" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. डोंगर खालचा भोवरा विस्कटतात, यात शंका नाही. पण ओडिशाच्या सपाट किनाऱ्यावरही वादळं आत शिरताच उतरतात. खरं कारण पायाखालचं पाणी सुटणं हेच आहे. मे 2021 मधलं तौक्ते आठवा. ते आपल्या किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच वर गेलं. पाणी सुटलं नाही, म्हणून ते वाढत गेलं आणि 17 मेच्या रात्री सौराष्ट्रावर धडकलं तेव्हा वारा ताशी 160 किलोमीटरच्या घरात होता.

काकांनी पुढे विचारलं, "म्हणजे वारा पडला की सुटलो?" नाही. वारा पडतो तो खालचा. वादळाने समुद्रावरून उचलून आणलेली वाफ वर शिल्लक असते, आणि घाटाला आपटून ती हवा वर चढली की तिचा पाऊस होतो. म्हणून वादळ विझल्यावरही रात्रभर घाटाखालच्या ओढ्यांना लोंढे येत राहू शकतात.