तुटलेली स्प्रिंग घेऊन या

(लघुउद्योजकांच्या मुंबईतील एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझा वसई पूर्वेला, वालीवमध्ये स्प्रिंगचा कारखाना आहे. आम्ही चौदा माणसं आहोत. पंप, व्हॉल्व्ह आणि स्विचगिअर बनवणाऱ्यांना कॉम्प्रेशन स्प्रिंग पुरवतो. प्रदर्शनात स्टॉल घेऊन तिथूनच मोबाइलवर पोस्ट टाकत गिऱ्हाईक कसं आणायचं आणि आलेल्या माणसाची इन्क्वायरी हातातून कशी निसटू द्यायची नाही, एवढंच आज सांगणार आहे. उदाहरण माझ्याच स्टॉलचं घेतो, कारण त्याचा हिशोब माझ्याकडे आहे.

गोरेगावच्या नेस्कोत मी पहिल्यांदा स्टॉल घेतला तेव्हा पोस्ट टाकायचं काम एका मुलाला दिलं होतं. त्याने मन लावून काम केलं. स्टॉलचा फोटो, हार घातलेल्या नावाच्या पाटीचा फोटो, आम्ही सगळे ओळीत उभे असल्याचा फोटो, आणि प्रत्येकाखाली ‘आमच्या स्टॉलला अवश्य भेट द्या’. लाइक आले. ते दिले आमच्या भाचरांनी आणि जुन्या मित्रांनी. तीन दिवसांनी काचेच्या वाडग्यात दीडशेच्या आसपास व्हिजिटिंग कार्डं जमली होती. घरी येऊन ती टेबलावर पसरली, तेव्हा त्यातल्या निम्म्या लोकांना काय हवं होतं हे आम्हा कोणालाच आठवेना. स्टॉलचं भाडं गेलं, कामाचे तीन दिवस गेले.

पुढच्या वेळी विचार उलटा केला. हॉलमध्ये फिरणाऱ्या परचेसच्या माणसाने माझ्याकडेच का वळावं? त्याला स्प्रिंग बघायची हौस नसते, त्याची अडचण असते. कुठल्या तरी व्हॉल्व्हची स्प्रिंग सारखी तुटते, नाहीतर दाब कमी-जास्त होतो. म्हणून पोस्ट अशी लिहिली: ‘तुमची तुटलेली किंवा त्रास देणारी स्प्रिंग घेऊन या. दुपारी १२ आणि ३ वाजता स्टॉलवर मोजून, दाबून दाखवतो.’ खाली हॉलचा आणि स्टॉलचा क्रमांक. त्यासाठी कारखान्यातलं छोटं लोड टेस्टिंग मशीन, मायक्रोमीटर आणि व्हर्निअर टेबलावर आणून ठेवलं.

ही पोस्ट कधी टाकायची, हे नीट समजून घ्या. ‘लाइव्ह’ म्हटलं की वाटतं, आत्ता टाकली की आत्ता माणूस येईल. पण तुमची पोस्ट बघणारे बहुतेक लोक त्या क्षणी हॉलमध्ये नसतात. कोणी चाकणला कारखान्यात असतो, कोणी अंबरनाथला. त्यांना यायचं की नाही हे आदल्या संध्याकाळी ठरवावं लागतं, आणि तुटलेली स्प्रिंग स्टोअरमधून शोधून खिशात टाकावी लागते. लिंक्डइनवरची पोस्ट तर लोकांसमोर कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येते. म्हणून ‘उद्या १२ वाजता’ ही पोस्ट आम्ही आदल्या संध्याकाळी लिंक्डइनवर आणि धंद्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ‘अर्ध्या तासात सुरू करतोय’ ही साडेअकराची पोस्ट फक्त स्टेटसला आणि ग्रुपवर. स्टेटस चोवीस तास राहतं आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच दिसतं, म्हणजे ते जुन्या गिऱ्हाइकांसाठी. पहिल्या दिवशीच्या पोस्टमुळे त्याच दिवशी फारसं कोणी आलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आले.

पत्त्याचंही तसंच. मॅपची पिन टाकली तर माणूस नेस्कोच्या गेटपर्यंत पोचतो, आणि पुढे हॉलात शेकडो स्टॉल असतात. आम्ही हॉलच्या दारापासून स्टॉलपर्यंत चालत एक पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि रोज सकाळी तोच टाकला. फोनवर वाट सांगत बसणं थांबलं.

आता इन्क्वायरी पकडण्याकडे येतो. आमचा फॉर्म नव्हता. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची लिंक होती. दाबली की आमच्याशी चॅट उघडतं आणि त्यात एक छोटा संकेत आधीच लिहिलेला असतो. समोरच्याने फक्त ‘सेंड’ दाबायचं.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=D2-LI
```

एक्सच्या जागी आपला दहा आकडी नंबर. D2 म्हणजे दुसरा दिवस, LI म्हणजे लिंक्डइन. ग्रुपवरच्या पोस्टला D2-GRP, स्टेटसला D2-ST, स्टॉलवर लावलेल्या क्यूआर कोडला D2-STALL. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी, त्यामुळे मेसेज आला की तो कुठून आला हे त्यातच लिहिलेलं असतं. संकेत इतका तोकडा ठेवण्याला कारण आहे. मी आधी तिथे ‘नमस्कार, मला स्प्रिंगबद्दल माहिती हवी आहे’ असं छान मराठी वाक्य घातलं होतं. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ होऊन जातं, आणि त्याचा क्यूआर इतका दाट ठिपक्यांचा झाला की दोन हातांवरून कॅमेरा पकडेना. संकेत आखूड केला, ठिपके मोठे झाले. कोड किती मोठा छापायचा याचा ढोबळ अंदाज असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवा त्याचा दहावा भाग. मीटरभरावरून स्कॅन व्हायचा असेल तर दहा सेंटिमीटर.

इथे एक फसगत होते. स्कॅन केलं म्हणजे नंबर मिळाला असं नाही. माणूस चॅट उघडतो, ‘हो हो, पाठवतो’ म्हणतो आणि पुढच्या स्टॉलकडे निघतो. सेंड दाबेपर्यंत आपल्याकडे काहीच आलेलं नसतं. त्यातून दुपारी हॉलमध्ये नेटवर्क बसतं. मेसेजशेजारी घड्याळाचं बारीक चिन्ह दिसत राहतं आणि तो तिथेच अडकतो. म्हणून आमच्या मुलाला सांगून ठेवलं होतं, आपल्या फोनवर मेसेज येईपर्यंत माणसाला चहा पाजून थांबव. दोन मिनिटांत आला नाही तर कागदावर नाव, नंबर आणि तोच संकेत लिहून घे. त्या तीन दिवसांत कागदावर सात नावं आली. ती कागदामुळेच वाचली.

मेसेज पोचला की अ‍ॅपचं ग्रीटिंग आपोआप जातं. त्यात तीनच गोष्टी विचारल्या होत्या: स्प्रिंगचा फोटो पट्टीशेजारी ठेवून, कोणत्या मशीनमध्ये बसते, महिन्याला किती नग लागतात. याहून जास्त विचारलं तर उत्तर येत नाही. आणि माणूस स्टॉलवरून गेला रे गेला की त्याच्याशी जो बोलला त्याने आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकायचा: ‘बारा दहाचे, पंपवाले, महिना चार हजार, सध्याच्या पुरवठादाराचा माल उशिरा येतो.’ वाडग्यातल्या कार्डावर हे कधी लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशीचा बाराचा प्रसंग सांगतो. लिंक्डइनची पोस्ट वाचून एक गृहस्थ पुण्याहून आले. पाकिटात दोन स्प्रिंगा, एक जुनी, एक नव्या लॉटची. तक्रार अशी, की नव्या लॉटपासून व्हॉल्व्ह उघडायला जड जातो, पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मी मायक्रोमीटर लावला. जुन्या स्प्रिंगची तार दोन मिलिमीटर, नवीची दोन पूर्णांक एक. गृहस्थ म्हणाले, ‘एवढ्याने काय होतं?’ मी त्यांच्यासमोर दोन्ही मशीनवर सारख्याच उंचीपर्यंत दाबल्या. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापं तशीच ठेवून तार पाच टक्के जाड केली तर भार जवळपास साडेएकवीस टक्के चढतो. डायलवर तेवढाच फरक दिसला. तोवर मागे सात-आठ माणसं येऊन उभी राहिली होती, आणि त्यातल्या दोघांनी आपापल्या फोनमधले स्प्रिंगचे फोटो उघडून पुढे केले.

याचा आम्ही वीस सेकंदांचा उभा व्हिडिओ केला: मायक्रोमीटरचे दोन आकडे, मग डायलचे दोन आकडे. हॉलच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आकडे स्क्रीनवर लिहिले. स्टॉलच्या स्पॉटलाइटमध्ये पोलाद इतकं चकाकतं की तार दिसतच नाही. खाली करड्या रंगाचा कागद ठेवला आणि वरचा एक दिवा बाजूला वळवला. आमचा सर्वांत जास्त पुढे पाठवला गेलेला व्हिडिओ हाच.

पण त्याच दिवशी एक चूकही झाली आणि ती माझीच. तीनच्या पोस्टमधल्या फोटोत, टेबलाच्या कोपऱ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडं राहिलं होतं. पार्ट नंबर वाचता येत होता. वीस मिनिटांत त्यांचा फोन आला. पोस्ट लगेच काढली, माफी मागितली, पण ग्रुपवर गेलेला फोटो किती जणांनी उतरवून घेतला ते कळायला मार्ग नाही. तेव्हापासून कॅमेरा काढण्याआधी टेबल रिकामं करतो, आणि दुसऱ्याची वस्तू दाखवायची असेल तर तोंडी विचारून घेतो. नाव, शिक्का, लेबल दिसत असेल तर बोटाने झाकतो. तुमचा व्यवसाय कोणताही असो, यात सूट घेऊ नका.

तीन दिवसांचा हिशोब असा. सत्तावन्न मेसेज आले. एकतीस स्टॉलच्या क्यूआरवरून, चौदा ग्रुपमधून, आठ स्टेटसवरून आणि लिंक्डइनवरून फक्त चार. आकडे बघून वाटेल, लिंक्डइन सोडून द्यावं. पण पुढच्या दोन महिन्यांत सॅम्पलच्या तीन ऑर्डर मिळाल्या. त्यातल्या दोन लिंक्डइनच्या चारांतून आल्या, एक ग्रुपमधून. स्टॉलवरच्या एकतीसांत विद्यार्थी होते, आम्हालाच तार विकायला आलेले होते आणि सहज थांबलेले होते. संकेत लावला नसता तर मी पुढच्या वर्षी लिंक्डइन बंद केलं असतं. हा एका प्रदर्शनाचा हिशोब आहे, तुमचा वेगळा येईल, म्हणून तुमचे संकेत तुम्ही लावा.

मिळालेल्या नंबरांचं काय करायचं, तेही बोलतो. रात्री घरी जाण्याआधी प्रत्येक मेसेजवर लेबल: ‘ड्रॉइंग आलं’, ‘फोटो यायचाय’, ‘आपलं काम नाही’. पहिल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. सगळे नंबर उचलून ब्रॉडकास्टमध्ये टाकू नका. ज्याने आपला नंबर सेव्ह केला नाही त्याला तो ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि एखाद्याने वैतागून रिपोर्ट केलं तर धंद्याचा नंबर अडकतो. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, की माणसाने ज्या कामासाठी नंबर दिला त्याच कामासाठी तो वापरावा. त्याने स्प्रिंगचं विचारलंय, त्याला स्प्रिंगचंच उत्तर द्या.

प्रदर्शन संपलं तरी लिंक चालू ठेवा. तीन आठवड्यांनी एका सकाळी मेसेज आला, D2-GRP. खाली स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवलेल्या, मधोमध तुटलेल्या स्प्रिंगचा फोटो, आणि एकच ओळ: ‘तेव्हा यायला जमलं नाही, हिचं सांगता का?’