शिशाच्या ठिपक्यामागची पट्टी

(दृश्य: सकाळ. किराणा दुकान उघडतंय. काउंटरवरच्या काट्यावरून फडकं फिरतं.)

पेठेतलं किराणा दुकान. काउंटरवर दोन पारड्यांचा काटा. जुन्या तराजूसारखी ही पारडी साखळीनं खाली टांगलेली नाहीत, ती दांडीच्या वर बसलेली आहेत. म्हणून तर त्यात साखरेची पिशवी नुसती ठेवता येते. दुकानदार याला काउंटर मशीन म्हणतात.

आता बोटाकडे लक्ष द्या.

(दृश्य: पाच किलोचं वजन पारड्याच्या मध्यावरून कडेकडे सरकवलं जातं. काटा स्थिर.)

पाच किलोचं वजन पारड्याच्या मध्यावर होतं. आता ते बाहेरच्या कडेला आलं, मधल्या टेकूपासून आणखी लांब. शाळेत शिकलेल्या तरफेप्रमाणे हे पारडं खाली जायला हवं होतं. पण काटा जागचा हलत नाही.

हे कोडं साडेतीनशे वर्षांचं आहे. १६६९ साली झील पेर्सोन द रोबेर्व्हाल या फ्रेंच गणितज्ञानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अशी रचना ठेवली. तिचं नाव आजही रोबेर्व्हालचा तराजू असंच आहे. आपल्या दुकानातल्या काट्याच्या पोटात तीच रचना आहे.

(दृश्य: प्लायवूडचं मॉडेल. चार कोपऱ्यांत पिना. हात एक बाजू खाली दाबतो.)

ती उघडी करून दाखवायला हे मॉडेल. वर दांडी आहे, मध्ये टेकलेली. खाली तेवढ्याच लांबीची पट्टी, तीही मध्ये पिनेनं शरीराला जोडलेली. दोन्हींची टोकं जोडणारे दोन उभे पाय, आणि पायांच्या डोक्यावर पारडी. दांडी, पट्टी, पाय मिळून समांतरभुज चौकोन होतो. दांडी तिरपी झाली तरी पाय उभाच राहतो. पारडं कलंडत नाही, सपाट खाली उतरतं. त्यामुळे मध्य असो वा कड, पारड्यावरचा प्रत्येक बिंदू सारखाच उतरतो.

इथंच आभासी कार्याचं तत्त्व आहे, इंजिनिअरिंगची मुलं ज्याला व्हर्च्युअल वर्क म्हणतात. समतोलात उभी असलेली रचना मनातल्या मनात केसभर हलवायची. सगळी बलं मिळून या हालचालीत जे कार्य करतील, त्याची बेरीज शून्य आली पाहिजे. डावं पारडं केसभर वर गेलं, उजवं तेवढंच खाली आलं, तर दोन्हीकडची वजनं सारखी हवीत. वजन पारड्यात कुठं ठेवलंय, हा प्रश्न हिशेबात येतच नाही. लाग्रांजनं १७८८ साली अख्खं स्थितिशास्त्र याच तत्त्वावर उभं केलं.

(दृश्य: काट्याच्या अंगावरचा शिशाचा ठिपका, अगदी जवळून. त्यावरचा ठसा.)

आता हा ठिपका पाहा. शिसं ठोकून बसवलंय आणि त्यावर वजनमापे निरीक्षकाचा ठसा आहे. काउंटर मशीनची दर चोवीस महिन्यांनी फेरपडताळणी होते, तेव्हा हा ठसा नव्यानं पडतो. मधल्या काळात काटा खोलून दुरुस्त केला, तर तो पुन्हा पडताळून ठसा घेतल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणजे आत काय बिघडलंय हे पाहायला काटा खोलणं ही शेवटची पायरी. पहिली नव्हे.

अशाच दुसऱ्या एका काट्याबद्दल एका दुकानदाराची तक्रार होती. मालाची पिशवी कशी ठेवली त्यावर वजन बदलतंय, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी काटा दुरुस्तीवाल्या मामांकडे आणला.

(दृश्य: मामांचं टेबल. पितळी वजनं. काटा आडवा करून खालून पाहणं, फूटपट्टी.)

मामांनी तो आडवा केला. खालून पट्टीच्या पिना दिसतात. दांडीचा सांधा आणि पट्टीचा सांधा यांच्यातलं पायावरचं अंतर बारा सेंटिमीटर. मधल्या टेकूपासून पायापर्यंत दांडीचा हात पंधरा सेंटिमीटर. पायाच्या रेषेपासून पारड्याच्या कडेवरचं वजन नऊ सेंटिमीटर बाहेर. मोजमापं एवढीच.

प्रश्न असा. वजन कडेला गेलं तरी काटा हलत नाही, पण ते पारडं उलटू पाहतच असणार. मग त्याला धरून कोण ठेवतं? खालची पट्टी. तिच्यात किती बल आहे?

(दृश्य: मॉडेल. खालच्या पट्टीच्या जागी सरकती पट्टी बसवलेली. दांडी चिमट्यानं पक्की.)

ते काढायची युक्ती या मॉडेलवर दिसेल. ज्या अवयवातलं बल हवं, त्यालाच मनात सैल करायचं. बाकी सगळं जसंच्या तसं राहू द्यायचं. इथं दांडी पक्की धरली आहे आणि पट्टीला थोडं आखूड व्हायची मुभा दिली आहे. पाहा, वजनाच्या भारानं पाय वरच्या सांध्याभोवती फिरतो. वजन बाहेर नऊ सेंटिमीटरवर आहे आणि पायाचं खालचं टोक सांध्यापासून बारा सेंटिमीटरवर. म्हणून वजन नऊ केस खाली उतरतं तेव्हा खालचं टोक बारा केस आत सरकतं.

पाच किलो गुणिले नऊ हे वजनाचं कार्य. पट्टीतलं बल गुणिले बारा हे पट्टीचं. दोन्ही सारखी. पट्टीतलं बल निघालं ३.७५ किलो, आणि टोक आत सरकू पाहतंय म्हणजे पट्टी दाबली जातेय. वजन आतल्या कडेला नेलं की हेच बल ओढीचं होतं.

दांडीतली बलं, टेकूवरचा भार, दुसऱ्या पायातलं बल, यातलं काहीच काढावं लागलं नाही. या आभासी हालचालीत ते भाग हललेच नाहीत, मग त्यांचं कार्य कुठून येणार? पायाचं एकट्याचं चित्र काढून वरच्या सांध्याभोवती आघूर्ण घेतलं तरी हेच उत्तर येतं. हो, येतं. पण ही रीत मुलांना हातानं दाखवता येते, म्हणून आम्ही मॉडेलवर एवढा वेळ दिला.

टेकूचंही असंच. पट्टी जशीच्या तशी ठेवायची आणि मधल्या टेकूला मनात आडवं सरकू द्यायचं. पाय आता खालच्या पिनेभोवती फिरतो, अंतरं तीच, नऊ आणि बारा. टेकूवरची आडवी प्रतिक्रिया पुन्हा ३.७५ किलो. ज्या पोलादी धारेवर दांडी टेकते, तिनं फक्त उभा भार घ्यावा अशी आपली समजूत असते. वजन कडेला ठेवलं की तिला आडवा रेटाही सोसावा लागतो.

(दृश्य: पडताळणी. दोन्ही पारड्यांत पाच-पाच किलो. मामांचे हात, वजन सरकतं.)

आता खरा काटा. दोन्ही पारड्यांत पाच-पाच किलो, दोन्ही मध्यावर. बरोबर तोल. उजवीकडचं वजन बाहेरच्या कडेला नेलं. आता हा काटा हलला. उजवं पारडं वर गेलं. उजव्या पारड्याच्या मध्यावर छोटी वजनं ठेवत गेलं की पंचवीस ग्रॅमला तोल येतो. मग तेच पाच किलो आतल्या कडेला. आता उजवं खाली, आणि डावीकडे पंचवीस ग्रॅम लागतात. मध्यावर दोष शून्य, दोन कडांवर उलटसुलट आणि सारखा. अशी खूण दिसली की मामा पट्टीवर बोट ठेवतात.

कारण पट्टी दांडीला समांतर राहिलेली नाही. समांतर पट्टी केवळ आडवी रेटते. ती जरा तिरपी झाली की तिच्या बलाचा एक छोटा वाटा उभा होतो आणि वजन उचलतो किंवा दाबतो. पट्टीत ३.७५ किलो म्हणजे ३७५० ग्रॅमचं बल आहे. त्यातले पंचवीस ग्रॅम उभे झाले, म्हणजे दीडशे भागांतला एक भाग. मधल्या पिनेपासून पायापर्यंतच्या पट्टीची लांबी दीडशे मिलिमीटर. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा एक मिलिमीटर खाली आहे.

एक मिलिमीटर. झाकणाला हात न लावता.

कुठलं टोक, तेही सांगता येतं. वजन बाहेरच्या कडेला असताना पट्टी दाबात असते, म्हणजे ती पायाला बाहेर ढकलते. तेव्हा वजन हलकं भासलं, म्हणजे ती बाहेर ढकलता ढकलता वर उचलतेय. म्हणजे पट्टी मधल्या पिनेपाशी खाली आहे. पण मधली पिन उतरली, की पायाकडची चढली? त्यासाठी मामांनी हीच चाचणी डाव्या पारड्यावर केली. मधली पिन दोन्ही बाजूंची सामाईक आहे, पायाची पिन ज्याची त्याची. डावीकडेही बाहेरच्या कडेला पंचवीस ग्रॅम हलकं आलं.

मामा म्हणाले, "मधलीच आहे."

(दृश्य: पारडं बोटानं हलवून सोडलं जातं. काटा डुलत स्थिरावतो.)

या रीतीची एक अट आहे. सांधे घर्षणाशिवाय फिरतात असं ती धरून चालते. धार बोथट झाली, पिनेवर गंज चढला, की घर्षण स्वतःच कार्य खातं आणि हिशेब जुळत नाही. ते ओळखायला मामा पारडं बोटानं हलवून सोडतात. निरोगी काटा डुलत डुलत प्रत्येक वेळी एकाच जागी येतो. घर्षणाचा काटा दर वेळी वेगळ्या जागी अडकतो. असा काटा असेल तर ग्रॅमांवरून मिलिमीटर काढायला जाऊ नये, आधी धार पाहावी. हा काटा एकाच जागी येत होता.

(दृश्य: ठिपका उकरला जातो. झाकण निघतं. मधली पिन जवळून.)

आता झाकण. शिसं निघालं, स्क्रू निघाले. मधल्या पिनेचं भोक पाहा. ते गोल असायला हवं होतं, खालून झिजून लांबट झालंय आणि पट्टी त्यात खाली बसलीय. मामांनी नवी बुशी बसवली, पिन बदलली. पिशवी पारड्याच्या कडेला टेकली, की पाच किलोला पंचवीस ग्रॅमचा फरक पडत होता. तो कधी दुकानाचा जात होता, कधी गिऱ्हाइकाचा.

(दृश्य: तीच चाचणी, नवी पिन. वजन मध्यावरून कडेला, कडेवरून मध्यावर.)

मध्य. बाहेरची कड. आतली कड. काटा जागचा हलत नाही.

(दृश्य: निरीक्षकाचं टेबल. शिशाचा नवा ठिपका, हातोडी, ठसा.)