चोवीस तासांची रेघ: वाटेतल्या शहरात उतरण्याविषयी

नमस्कार मंडळी. आपल्या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत आणि दर एक-दोन वर्षांनी आपण तिकडे जातो. मुंबईहून बॉस्टनला जायचं तर वाटेत कुठेतरी विमान बदलावं लागतं. दोहा असेल, इस्तंबूल असेल, अबुधाबी असेल. तिथे तीन-चार तास खुर्चीत बसून काढायचे आणि पुढचं विमान पकडायचं, ही आपली सवय. त्याऐवजी त्या शहरात दोन दिवस राहून पुढे गेलं तर? विमान कंपन्यांच्या ‘स्टॉपओव्हर’ योजना नेमक्या यासाठी असतात. तिकिटांच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आज जाहिरातीतलं न सांगता तिकिटाच्या आत काय चालतं ते सांगतो. ते कळलं की स्वस्त कुठे पडतं आणि फसगत कुठे होते, दोन्ही दिसतं.

पहिली गोष्ट म्हणजे चोवीस तासांची रेघ. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरात चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर तो नुसता बदल, म्हणजे ट्रान्झिट. चोवीस तासांहून जास्त थांबलात तर तो स्टॉपओव्हर. ही रेघ ओलांडली की बॅगा, कर, भाड्याचे नियम, सगळं बदलतं. तेवीस तास थांबणारा आणि पंचवीस तास थांबणारा यांचा अनुभव जवळपास सारखाच असतो, पण त्यांची तिकिटं वेगळ्या नियमांनी चालतात.

आता भाडं. मुंबई ते बॉस्टन हे भाडं म्हणजे मुंबई–दोहा आणि दोहा–बॉस्टन यांची बेरीज नसते. कंपनी दोन टोकांमधलं एकच भाडं लावते आणि दोहा त्यात फक्त वाटेवरचं ठिकाण असतं. त्या भाड्याच्या नियमांत एक कलम असतं: वाटेत थांबता येईल का, किती वेळा, फुकट की पैसे भरून. ‘एक थांबा विनामूल्य’ असं लिहिलेलं असेल तर दोन दिवस थांबूनही मूळ भाडं तेच राहतं. सगळ्यात स्वस्त भाड्यांत मात्र हे कलम बऱ्याचदा कडक असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी ते वाचून घ्या किंवा एजंटला वाचायला लावा.

मग कलम मोकळं असूनही कधी कधी भाडं वाढतं, ते का? याचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. प्रत्येक विमानातल्या सीट वेगवेगळ्या भाव-गटांत वाटलेल्या असतात. लांबच्या प्रवाशाला कंपनी स्वस्त गटातली सीट देते, पण दोन्ही विमानं लागोपाठ घेतली तरच. जणू दोन सीटची गाठ मारलेली असते. तुम्ही मध्ये दोन दिवस घातलेत की गाठ सुटते, आणि प्रत्येक विमानात तो स्वस्त गट स्वतंत्रपणे शिल्लक असावा लागतो. मुंबईच्या विमानात तो संपला असेल तर तुम्ही वरच्या गटात जाता. म्हणून एकाच आठवड्यात मंगळवारी थांबलं तर भाडं तेवढंच राहतं आणि बुधवारी थांबलं तर हजारोंनी वाढतं. यावर उपाय एकच: तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून पाहायची.

कंपन्या हे का देतात? याचं मूळ आइसलँडमध्ये सापडतं. लॉफ्टलेयदिर नावाची तिथली कंपनी न्यूयॉर्क आणि लक्झेंबर्गच्या मधे रेक्याविकला उतरून स्वस्तात अटलांटिक पार करवायची. विमान तसंही तिथे उतरायचंच. मग प्रवासी एक-दोन दिवस राहिला तर देशाला पर्यटक मिळतो, हॉटेल भरतं. 1960च्या दशकात त्यांनी ही कल्पना जोरात चालवली, आणि 1966 साली विमानतळाशेजारी स्वतःचं हॉटेलही उघडलं. पुढे 1973 साली विलीनीकरण होऊन आजची आइसलँडएअर झाली. ती आजही अटलांटिक पार करणाऱ्याला वाटेत सात रात्रींपर्यंत जादा भाडं न घेता राहू देते. आपल्याला मात्र तिथे शेंगेन व्हिसा लागतो, त्यामुळे आपल्या आई-वडिलांच्या प्रवासात ती वाट फारशी येत नाही. दोहा येतं. म्हणून उदाहरण दोह्याचंच घेऊ.

कतार एअरवेजची ‘डिस्कव्हर कतार’ नावाची उपकंपनी आहे. तिच्याकडून स्टॉपओव्हरचं हॉटेल घेतलं तर एका माणसाला एका रात्रीचे चौदा डॉलरपासून पुढे, अशी जाहिरात असते आणि जास्तीत जास्त चार रात्री मिळतात. हा दर दोघं एका खोलीत राहिले तर लागू होतो, आणि ‘पासून’ हा शब्द विसरू नका. भारतीयांसाठी या आरक्षणाचं आणखी एक महत्त्व आहे. कतार आपल्याला पोहोचल्यावर विनाशुल्क प्रवेश देतं, पण त्यासाठी किमान सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, पुढचं पक्कं तिकीट आणि डिस्कव्हर कतारमार्फत केलेलं हॉटेल आरक्षण लागतं. दुसऱ्या संकेतस्थळावरून स्वस्त हॉटेल घेऊन गेलात तर विमानात बसण्याआधीच काउंटरवर अडकाल. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा आणि आरक्षणाचा कागद छापून जवळ ठेवा.

आता एक प्रवास मांडू. पुण्याचे आई-बाबा, मुलगी बॉस्टनला. मुक्काम जाताना करावा की येताना? मी येताना म्हणेन, आणि त्याला कारणं आहेत. मुंबईहून दोह्याची विमानं बऱ्याचदा पहाटे पोहोचतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी. म्हणजे रात्रभर जागून आलेली माणसं सकाळी सहापासून लॉबीत बसतात, किंवा आदल्या रात्रीचेही पैसे भरतात. शिवाय आपली मंडळी एप्रिल-मेमध्ये जातात, तेव्हा दोह्यात ऊन चढलेलं असतं. परतताना नोव्हेंबर असेल तर हवा छान असते, आणि शरीराला घड्याळ बदलायला मधे दोन रात्री मिळतात.

तेव्हा समजा, बॉस्टनहून सोमवारी संध्याकाळी निघाले आणि मंगळवारी संध्याकाळी दोह्याला उतरले. खोली तयार. मंगळवार आणि बुधवार, दोन रात्री. गुरुवारी रात्रीच्या विमानाने मुंबई. मधे पन्नासेक तास मिळतात. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय घ्यायचा आणि तीन तुकडे भरायचे: मुंबई ते बॉस्टन, बॉस्टन ते दोहा, दोहा ते मुंबई. पहिल्या तुकड्यात दोहा घालायचं नाही, कारण जाताना आपण थांबत नाही. मग साध्या परतीच्या तिकिटाचा भाव बाजूला लिहून तुलना करायची. फरक आणि हॉटेलचे पैसे मिळून जे होतील, ती या दोन दिवसांची खरी किंमत. तीनही तुकडे एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगळी तिकिटं काढली तर पुढचं विमान चुकल्यावर तुम्हाला कुणीच बांधील नसतं.

गुरुवारी रात्री निघण्याचा आणखी एक फायदा आहे. शुक्रवारी सकाळी जुम्म्याच्या नमाजापर्यंत दोह्यात बरंच काही बंद असतं. संग्रहालयंसुद्धा दुपारी उघडतात. बुधवार मात्र पूर्ण मोकळा मिळतो. विमानतळावरूनच लाल मार्गाची मेट्रो शहरात जाते, दिवसभराचा पास सहा रियाल. सकाळी राष्ट्रीय संग्रहालय, संध्याकाळी सूक वाकिफचा बाजार. इस्लामी कला संग्रहालय दुसऱ्या दिवशी ठेवा. ते 2008 साली उघडलेलं, वास्तुकार आय. एम. पेई यांनी रचलेलं. पाण्यातल्या बेटावरची ती पांढरी चौकोनी इमारत बाहेरूनही खूप वेळ पाहावीशी वाटते. संध्याकाळी सूक वाकिफचा बाजार. दोन्ही संग्रहालयं एका दिवसात केली तर साठी उलटलेल्या पायांना झेपत नाही.

आता बॅगा. याच ठिकाणी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ट्रान्झिटमध्ये बॅग बॉस्टनला दिली की मुंबईलाच दिसते. स्टॉपओव्हरमध्ये ती दोह्याला तुमच्या हातात येते. बॉस्टनच्या काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवर दोह्याचं DOH छापलंय ना, ते स्वतः वाचा. कर्मचाऱ्याने सवयीने मुंबईचं BOM टाकलं तर बॅगा मुंबईकडे जातील आणि तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी दोह्यात. बॅगा हातात आल्या म्हणजे तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा हॉटेलपर्यंत न्यायच्या. मोठी टॅक्सी आधी ठरवा किंवा विमानतळावर पैसे देऊन सामान ठेवण्याची सोय वापरा. आणि बॅगांची मर्यादा तिकिटावर प्रत्येक तुकड्यासमोर वेगळी छापलेली असते. दोहा–मुंबईसमोर काय आहे ते पाहा.

बॅग हातात येते याचा अर्थ ती कतारच्या कस्टम्समधून जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ कतारमध्ये नेता येत नाहीत. मुलीने बाबांसाठी दिलेली बाटली तिथे काढून घेतली जाते. आणि औषधं: कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची, दुखण्याची औषधं तिथे नियंत्रित आहेत. आपल्या घरी ती सर्रास असतात. चिठ्ठीशिवाय ती बॅगेत असणं गंभीर आहे, म्हणून डॉक्टरांचं पत्र मूळ पाकिटासोबत ठेवा आणि जे टाळता येईल ते टाळा. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत स्पष्ट बंदी आहे. आखातात कुठेही उतरणार असाल तर अनारशांसकट ती सामानातून काढा. जाताना नुसता बदल असेल तर बॅग उघडतच नाही, पण मुक्काम जाताना ठेवलात तर डबे तपासूनच भरा.

कुणीतरी विचारलं होतं, एवढं सगळं नको असेल तर? तर तेवीस तासांपर्यंतचा थांबा घ्या. बॅगा पुढे परस्पर जातात, तुम्ही पिशवी घेऊन शहरात फिरून येता. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स ही कंपनी अशा प्रवाशांना फुकट शहर दाखवते, थांबा साधारण सहा ते चोवीस तासांचा असेल तर. मात्र विमानतळाबाहेर पडायला तिथला व्हिसा लागतो. वैध अमेरिकी किंवा शेंगेन व्हिसा असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. आणि रोजची औषधं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच, कारण मोठी बॅग उद्याच्या विमानापर्यंत भेटणार नाही.

शेवटी व्हीलचेअर, कारण हा प्रश्न नेहमी येतो. व्हीलचेअरची नोंद प्रत्येक विमानासाठी वेगळी होते. स्टॉपओव्हरमध्ये दोह्याला उतरताना माणूस बाहेरच्या दारापर्यंत सोडतो आणि तिथे त्याचं काम संपतं. दोन दिवसांनी परत आल्यावर कुणी तुमची वाट पाहत नसतं. चेक-इनच्या काउंटरवर जाऊन पुन्हा मागावी लागते. तिकीट काढताना तीनही तुकड्यांवर ती नोंद करून घ्या, आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी कंपनीला फोन करून ती दोहा–मुंबईच्या विमानावरही दिसते ना, ते विचारा.