डाग आधी, घडी मग, कोपरा शेवटी : जुन्या फोटोची दुरुस्ती

[स्क्रीनवर : स्कॅन केलेला मूळ फोटो]

नमस्कार मंडळी. हा फोटो नीट बघून घ्या. आपल्या चॅनलवरच्या एका ताईंनी पाठवलाय. त्यांचे आजी-आजोबा, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो. वर डावीकडे पाण्याचा तपकिरी डाग आहे. मधोमध आडवी घडी पडलीय, ती आजोबांच्या कोटाच्या बाहीवरून जाते. आणि खाली उजवीकडचा कोपरा फाटून गेलाय.

बहुतेक जण असा फोटो उघडला की लगेच ब्रश घेऊन डाग पुसायला बसतात. थांबा. या तिन्ही गोष्टी दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांच्यात मोठा फरक आहे. डागाखाली चित्र अजून शाबूत आहे, फक्त झाकलं गेलंय. घडीवर आणि कोपऱ्यात मात्र ते खरोखरच गेलंय. जे झाकलंय ते वर काढायचं, जे गेलंय ते शेजारून आणायचं. म्हणून डाग सगळ्यात आधी. तो तसाच ठेवून घडी भरायला घेतलीत, तर डागाचा तपकिरी रंगच घडीत भरला जाईल.

आता स्कॅनचं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. ६०० डीपीआय, फाइल टिफ. स्कॅनरमधली धूळ काढण्याची, रंग सुधारण्याची सगळी आपोआप चालणारी सेटिंग बंद. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो या कामाला चालत नाही. त्यात बारीक दाणा, म्हणजे फोटोच्या पोतातले बारीक ठिपके, उरतच नाही.

रंगीत का, ते आता दाखवते. मी GIMP हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतेय, ते फुकट मिळतं. मूळ फाइलला हात न लावता Image → Duplicate करून घ्या. मग Colors → Components → Extract Component. रंगीत स्कॅनमध्ये तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे साठवलेले असतात, त्यांना चॅनल म्हणतात. इथे वरच्या यादीत RGB Blue निवडते. बघा, डाग शाई सांडल्यासारखा काळाकुट्ट झाला. आता RGB Green. जरा फिका पडला. आणि आता RGB Red.

[स्क्रीनवर : तिन्ही चॅनल शेजारी शेजारी]

डाग जवळजवळ गेला! मागच्या पडद्यावरची नक्षी दिसायला लागली. आपण अजून ब्रशला हातसुद्धा लावलेला नाही. कारण सोपं आहे. तपकिरी-पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, तांबडा मात्र बराचसा तसाच परत पाठवतो. म्हणून तांबड्या चॅनलला तो डाग फारसा दिसतच नाही. स्कॅन करताना ग्रेस्केल निवडलं असतं, तर ही वाट बंद झाली असती. फोटोची जुनी बदामी छटा यात जाते, पण ती शेवटी Colors → Colorize मधून हलकीशी परत देता येते.

तरी दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे डागाच्या जागी किंचित काळपटपणा, आणि दुसरी म्हणजे डागाच्या काठाची गडद रेघ. पाणी कागदात पसरत जातं तेव्हा मळ ढकलत नेतं आणि जिथे वाळतं तिथे तो सोडतं, म्हणून काठ सगळ्यात गडद. आधी काळपटपणा घालवू. Color Picker ने पडद्याचा एकच भाग डागाच्या आत आणि बाहेर मोजून बघते. आत १५१, बाहेर १६८, म्हणजे आतला भाग जरा काळा. Free Select ने काठाच्या आतून डागाला वेढा घातला, Feather edges ला १० ठेवलं, आणि Colors → Curves उघडलं. Shift धरून डागावर क्लिक केलं की रेषेवर त्याच ठिकाणी बिंदू येतो. तो जरासा वर उचलायचा, आतला आणि बाहेरचा पडदा एकसारखा होईपर्यंत. काळ्या भागाचं टोक हलवू नका, नाहीतर तेवढाच भाग धुरकट दिसेल.

आता काठाची रेघ आणि घडी. दोन्हींना एकच हत्यार, Heal. आधी लेयरची एक प्रत करा, काम तिच्यावर. ब्रश घडीपेक्षा थोडाच रुंद हवा. Ctrl धरून घडीच्या अगदी शेजारी क्लिक करायचं, म्हणजे नमुना तिथला घेतला जातो, आणि मग घडीवर छोटे छोटे फटके मारायचे. एकच लांब फटका मारलात तर शेजारची नक्षी जशीच्या तशी दुसऱ्यांदा उमटते आणि डोळ्याला लगेच कळते. दर दोन-चार फटक्यांनी नमुन्याची जागा बदला.

पडद्यावर हे छान चालतं. आता बाहीजवळ काय होतं ते बघा.

[स्क्रीनवर : बाहीची कड, २०० टक्के मोठी करून]

Heal आजूबाजूचा उजेड-अंधार बघून मिसळतं. इथे एका बाजूला काळा कोट आणि दुसऱ्या बाजूला फिका पडदा. त्यामुळे कोटाचा काळा रंग पडद्यात पाझरला आणि एक डागाळ पट्टा उठला. Ctrl+Z. कड आली की Heal ठेवून द्यायचं आणि Clone घ्यायचं, ते काही न मिसळता जसंच्या तसं उतरवतं. Ctrl-क्लिक बाहीच्या कडेवरच करायचं, घडीच्या थोडं वर, आणि मग ती कड घडीवर अशी बसवायची की वरची आणि खालची रेघ एकमेकींना मिळेल. ब्रशचा Hardness ५० च्या आसपास ठेवा. फोटोतली कड स्वतःच जराशी मऊ आहे, त्यापेक्षा धारदार कड चिकटवल्यासारखी दिसते.

घडी चेहऱ्यावरून जात असेल तर फक्त पांढरी रेघ झाका, त्यापलीकडे एक पिक्सेलही नको. उजवा डोळा उलटा करून डावीकडे लावायचा मोह टाळा. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि घरचे लोक ते एका नजरेत ओळखतात.

आता कोपरा. इथे आपल्या नशिबाने फक्त पडदा आणि जमीन गेलीय. मधला पडदा उचलून कोपऱ्यात लावला तर तो उजळ ठिगळासारखा दिसतो, कारण या फोटोत उजेड मध्यावर जास्त आहे आणि कोपऱ्यांकडे कमी होत जातो. म्हणून मधून इतक्याच अंतरावरचा, म्हणजे खाली डावीकडचा कोपरा Free Select ने कॉपी केला, नव्या लेयरवर आणला आणि आडवा उलटा केला. तो थोडा गडद निघाला, म्हणून Curves ने जुळवला. जोडाच्या जागी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून Clone. धूसर करणारं कुठलंही हत्यार इथे नको. दाणा पुसला गेला की तेवढी जागा प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते.

याच कोपऱ्यात आजींचं पाऊल गेलं असतं तर मी ते मनानं रेखाटलं नसतं. घरात त्याच दिवशीचा दुसरा फोटो असेल तर तिथून आणावं, नाहीतर फोटो तिथून कापून घ्यावा. जोडव्यांसकट मनानं रंगवलेलं पाऊल त्यांचं नसतं.

तपासायला View → Flip & Rotate → Flip Horizontally करा. चित्र उलटं झालं की सरावलेल्या नजरेतून सुटलेले जोड दिसतात. बघा, इथे जमिनीवर एकच ठिपका दोनदा आलाय. एका फटक्याचं काम आहे.

लेयरसकट फाइल GIMP च्या स्वतःच्या XCF मध्ये ठेवा, छापायला टिफ आणि घरच्यांना पाठवायला जेपेग काढा. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, जसाच्या तसा.

तांबड्या चॅनलची युक्ती रंगीत फोटोंना चालत नाही, कारण तिथे पाण्याने फोटोचे स्वतःचे रंगच बिघडलेले असतात. बुरशी लागलेल्या फोटोलाही ती पुरत नाही, तिथे वरचा थरच खाल्लेला असतो. रंगीत फोटोवरचे डाग पुढच्या व्हिडिओत घेऊ.