अकरापैकी अकरा : एकट्या शिक्षकाची जाहिरात

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना सरत आला की कोल्हापुरात सकाळी पेपर उघडण्याआधी त्यातून दोन-तीन हँडबिलं खाली पडतात. बहुतेक क्लासची. गंमत अशी, की चार मजली इमारतीतली अकॅडमी असो किंवा घरातल्या पुढच्या खोलीत एकटीनं शिकवणाऱ्या बाई असोत, कागदावरची भाषा एकच. ‘१०० टक्के निकालाची हमी’, ‘वैयक्तिक लक्ष’, ‘पहिली ते बारावी, सर्व विषय, सर्व माध्यमे’. मोठ्या क्लासचं यात काही बिघडत नाही, त्याचं नाव आणि इमारतच बोलत असते. एकट्या शिक्षकाला मात्र ही भाषा नडते. वाचणारा पालक लगेच मनात म्हणतो, एकच माणूस तिसरीचं मराठी आणि बारावीचं रसायनशास्त्र दोन्ही शिकवणार होय?

फुलेवाडीकडच्या एका बाईंनी मला आपलं हँडबिल दाखवलं होतं. मजकूर वर सांगितला तसाच. प्रत्यक्षात त्या शिकवतात फक्त गणित, तेही नववी-दहावीला. म्हणून पहिली ओळ अशी केली : ‘नववी व दहावी, स्टेट बोर्ड. फक्त गणित, भाग १ आणि भाग २. सेमी आणि मराठी माध्यम.’ बाईंचा जीव खालीवर. म्हणाल्या, “विज्ञान काढलं तर चार पोरं कमी येतील की हो.” येतील. पण सीबीएसईवाल्यांचे आणि ‘सगळे विषय एकत्र घेता का’ विचारणाऱ्यांचे फोनही थांबतील. जो फोन येईल, तो गणिताची काळजी असलेल्या घरातून येईल.

मग ‘वैयक्तिक लक्ष’. या दोन शब्दांचं गणित मांडून बघा. तास दीड तासाचा, म्हणजे ९० मिनिटं. त्यातली ५० मिनिटं फळ्यावर शिकवण्यात गेली, तर वह्या बघायला ४० उरतात. बॅचमध्ये १२ मुलं असतील, तर एकेकाला तीन मिनिटांहून थोडं जास्त मिळतं. तेवढ्यात एक उदाहरण तपासून चूक दाखवता येते. मुलं २५ झाली, की दीड मिनिट. तेवढ्यात नुसती टिकमार्क होते. म्हणून कागदावर आकडा लिहायचा : ‘एका बॅचला जास्तीत जास्त १२.’ आणि एकदा लिहिला, की जानेवारीत शेजारच्यांचा भाचा आला तरी तेरावी सतरंजी टाकायची नाही. अशी बातमी पेठेत संध्याकाळपर्यंत फिरते.

पद्धतीबद्दल बहुतेक जण ‘सोप्या भाषेत’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी पालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल असं एखादंच काम लिहावं. या बाईंकडे प्रत्येक मुलाची ‘चुकांची वही’ असते. शनिवारी २० गुणांची चाचणी, सोमवारी पेपर परत, आणि चुकलेलं उदाहरण त्या वहीत पुन्हा सोडवायचं, शेजारी चूक कशी झाली ते लिहून. मी एक वही चाळली. भूमितीच्या एका सिद्धतेखाली लिहिलं होतं : ‘कोन समान आहेत हे लिहिलं, का समान आहेत हे लिहिलं नाही.’ दहावीच्या पेपरात असेच एकेक गुण सांडतात. बाईंना ही वही इतकी सवयीची झालेली, की जाहिरातीत घालण्यासारखी वाटतच नव्हती! आम्ही घातली. ‘चुकांची वही दर महिन्याला पालकांना बघायला मिळेल.’

आता निकाल. खरी मेख इथं आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

‘आमच्या विद्यार्थ्याला ९४ टक्के’ असं आपण सर्रास वाचतो. पण दहावीचे टक्के निघतात सहापैकी चांगल्या गुणांच्या पाच विषयांवर, ज्याला पोरं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. गणितात कमी पडले, तर तो विषय टक्केवारीतून गळूही शकतो. शिवाय खेळाचे आणि चित्रकलेच्या परीक्षांचे सवलतीचे गुण असतातच. आपल्याकडं फुटबॉल खेळणारी आणि तालमीत जाणारी पोरं काय कमी आहेत? म्हणजे त्या ९४ मध्ये क्रीडाशिक्षकांचाही वाटा असू शकतो. गणित शिकवणाऱ्यानं गणिताचेच गुण छापावेत.

दुसरं, किती जणांपैकी किती. ‘१०० टक्के निकाल’ या शब्दांमागं तीन मुलं असतात की तीनशे, कळत नाही. बाईंची गेल्या वर्षीची ओळ अशी झाली : ‘जूनमध्ये १२ विद्यार्थी, एकानं दिवाळीनंतर क्लास सोडला. परीक्षेला बसले ११, उत्तीर्ण ११. गणितात ९० च्या वर ३, ७० ते ८९ मध्ये ५, ५० ते ६९ मध्ये २, एकाला ४१.’ ते ४१ छापायला बाई तयार नव्हत्या. माझं म्हणणं, तेच राहू द्या. ज्याच्या मुलाला सहामाहीत ८० पैकी २० पडलेत, तो बाप ९६ वाल्याचा फोटो बघून क्लासची पायरी चढत नाही. त्याला ४१ दिसलं की वाटतं, इथं आपल्या पोराला हाकलणार नाहीत.

‘आधी इतके, नंतर इतके’ असं लिहिताना एक पथ्य पाळायचं. बोर्डाचे १०० गुण म्हणजे ४०-४० चे दोन लेखी पेपर आणि शाळेनं दिलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २०. क्लासमधल्या चाचणीचे टक्के घ्यायचे आणि ते बोर्डाच्या शंभरातल्या गुणांशेजारी ठेवायचे, तर पट्टी बदलते आणि वाढ फुगलेली दिसते. जूनमधला ४० गुणांचा पेपर आणि जानेवारीतला तेवढाच कठीण ४० गुणांचा पेपर, दोन्ही तुम्हीच तपासलेले, यांची तुलना सरळ आहे. तसं असेल तर तसंच लिहा.

मुलांची नावं आणि फोटो? ही मुलं अठरा वर्षांखालची असतात. पालकांची लेखी परवानगी निकालानंतर घ्या, प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही परवानगीचा हाच नियम आहे. त्या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. पण दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कुणालाच चालत नाही, बारा मुलांच्या क्लासलाही नाही. ‘हमी’ हा शब्द खोडायला एवढं कारण पुरे.

नव्या हँडबिलावर बाईंचे फोन आधीपेक्षा कमी आले. पण फोनवर ‘फी किती’ याच्याआधी ‘ती वही बघायला येऊ का’ असं विचारणारे निघाले.

आणि ज्यांचं यंदा पहिलंच वर्ष आहे, छापायला निकालच नाही, त्यांनी तो उसना आणू नये. आधी दुसऱ्या क्लासमध्ये शिकवत असाल, तर तिथल्या निकालावर तुमच्याबरोबर आणखी चार शिक्षकांचा हक्क असतो. विषय, बॅचचा आकडा, चाचणीचा वार लिहा, आणि ‘पहिला आठवडा बसून बघा, मग फी’ एवढं जोडा. जूनच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांना ४० गुणांचा एक पेपर द्या. तपासा, गुण तारखेसह एका वहीत उतरवा आणि पेपर फाइलला लावून ठेवा. मध्येच क्लास सोडणाऱ्याचं नावही त्या वहीतून खोडू नका. पुढच्या मे महिन्यात हँडबिल छापायला जाल, तेव्हा निकालाची ओळ या वहीतूनच लिहायची आहे.

नमस्कार.